उसवणीची कात्री

नागपुरात मे महिन्यात भरतकाम घेऊन बसायचं तर कूलरपासून लांब बसावं लागतं. वाऱ्याच्या झोताने कापलेले तंतू उडतात आणि लालभडक धाग्याचा एखादा कण पांढऱ्या कापडावर बसला की तो चिमट्यातही येत नाही. त्यामुळे उसवणीचं काम मी सकाळी सहा ते नऊ करते, खिडकीशी, हात कोरडे असताना.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंनी कोशाचा एक दुपट्टा आणून दिला. भंडाऱ्याकडचा कोसा, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीचं रेशीम. करवतीच्या दातांसारख्या काठामुळे ज्याला करवतकाठी म्हणतात, त्याच विणकरीच्या मुलखातला. काकूंच्या भाचीने त्यावर पानांची वेल भरली होती. सहा पानं सुरेख उतरली होती, सातव्याचे टाके मात्र उलट्या दिशेला कलले होते. सॅटिन टाक्यात दिशा चुकली की उजेड वेगळा पडतो आणि ते एकच पान सगळ्या वेलीत मळकं दिसतं. शिवाय पानाच्या कडेने हातटीपेची गच्च रेघ होती. काकू म्हणाल्या, "हे एवढंच काढून दे गं, कापडाला काही व्हायला नको."

कापडाला इजा होते ती बहुतेक वेळा कापताना नाही, ओढताना. एका चुकीच्या टाक्याचं टोक धरून लांब धागा सरसर बाहेर काढला तर तो प्रत्येक भोकातून घासत येतो. वाटेत आपला रंग आणि लव मागे ठेवतो, आणि कुठे दुसऱ्या धाग्यात अडकला तर कापडाचाच धागा सोबत खेचतो. म्हणून गच्च काम उसवायचं तर धागा इतका आखूड कापायचा की त्याला ओढायची गरजच पडू नये.

आधी टीप काढली, कारण ती पानावर शेवटी घातलेली होती. काम ज्या क्रमाने झालं त्याच्या उलट क्रमाने उसवायचं. हातटीपेचं उलटं अंग सुलट्या अंगापेक्षा वेगळं असतं: वर दोन मिलिमीटरचे टाके एकापुढे एक दिसतात, खाली मात्र प्रत्येक टाका दुपटीने लांब, शेजारच्यावर चढलेला असतो. कात्रीचं टोक शिरायला जागा मिळते ती खालीच. मी मागून दर चौथा टाका कापला, मग वरच्या बाजूने चिमट्याने एकेक तुकडा सरळ उभा उचलला. टाका उचलताना कापड त्याच्यासोबत छोट्या तंबूसारखं वर आलं की तिथेच थांबायचं. याचा अर्थ, भरताना सुई आधीच्या टाक्याच्या धाग्यातून गेली आहे आणि दोघे एकमेकांत अडकले आहेत. तिथे ओढलं तर भोक मोठं होतं. मागे जाऊन दोन्ही बाजूंना पुन्हा एकेक काप द्यायचा, की तुकडा आपोआप सुटतो. सातव्या पानावर असे तीन टाके निघाले.

पान अडीच सेंटिमीटर लांब आणि मधोमध आठ मिलिमीटर रुंद. हाताच्या सॅटिन टाक्यात धागा मागेही तेवढाच भरलेला असतो, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच दाट. दुपट्टा मी रिंगेत ताणून ठेवला, कारण कापड ताणलं की टाके त्याच्यापासून किंचित सुटे उभे राहतात. मग उलट्या बाजूने बारीक टोकाची कात्री टाक्यांखाली सपाट सरकवली, पातं वरच्या दिशेने ठेवून तीन-चार धागे उचलले आणि मध्यावर कापले. लाल गोळीचं उसवणीचं हत्यार सगळ्यांच्या डब्यात असतं. शिवणीसाठी ते चांगलं, पण या दाटीत गोळी शिरत नाही आणि जोर दिला की टोक कापडात उतरतं. इथे कात्रीच हवी.

सगळ्यात फसवी जागा त्याखाली असते. टाका फुगीर दिसावा म्हणून खाली धावदोऱ्याचा भराव घातलेला असतो, आणि तो बहुतेक त्याच रंगाचा. वरचा थर निघाला की तो भराव कापडासारखा वाटतो, किंवा उलट कापडाचा जाड धागा भरावासारखा. कोसा तर मुळातच खडबडीत, गाठीगाठींचा. म्हणून प्रत्येक काप देण्याआधी मी बिनटोकाच्या सुईने धागा थोडा हलवून बघते. भरावाचा धागा एकटा सरकतो, कापडाचा हलवला तर त्याच्यासोबत आडवा-उभा सगळाच ताणाबाणा हलतो.

यंत्राच्या भरतकामात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने सोपी होते. तिथे मागे बॉबिनचा पांढरा धागा टाक्याच्या मधल्या एक तृतीयांश भागात पट्टीसारखा दिसतो. ती पट्टी तेवढी कापली की वरचा रंगीत धागा पुढून लव निघावी तसा निघून येतो. पण दाटी बघा: नेहमीच्या धाग्याला दोन ओळींत सुमारे ०.४ मिलिमीटर अंतर, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये पंचवीसच्या आसपास धागे. एवढ्या वेळा सुई गेलेलं कापड उसवल्यावर जाळीसारखं दिसतं.

त्या जाळीचं काय होतं, ते कापडावर ठरतं. सुती कापडात सुई धागे बहुतेक तोडत नाही, बाजूला सारते. पाणी लागलं की सूत फुगतं आणि जागा भरून येते. कोशाचं कापड खडबडीत असलं तरी त्याचा तंतू गुळगुळीत, तो फुगून भोक तितकं भरत नाही, पण सरकतो सहज. त्याला सुईच्या बोथट बाजूने ताण्याच्या दिशेने आणि मग बाण्याच्या दिशेने हलकं खाजवायचं. ऑर्गेन्झा, तलम सॅटिनचं कापड आणि चामडं यांत मात्र भोकं राहतातच. तिथे उसवायचा विचार सोडून चूक झाकणारी दुसरी पाकळी काढणं बरं. जुन्या कामात आणखी एक अडचण असते: टाक्याखालचं कापड उन्हापासून वाचलेलं असतं, आजूबाजूचं फिकं झालेलं. उसवल्यावर पानाच्या आकाराचा गडद ठसा दिसतो आणि तो कशानेही जात नाही.

काकूंचा दुपट्टा नवा होता, ती भीती नव्हती. रिंग काढली, चिकटपट्टीने हलकेच टिपून मागची हिरवी लव उचलली, कारण ती राहिली असताना ओलावा दिला तर रंग पसरतो. मग काठाच्या आतल्या कोपऱ्यावर ओल्या फडक्याची चाचणी घेतली. डाग पडला नाही, तेव्हा पानाच्या जागेवर मागून ओलसर मलमल ठेवून इस्त्री न दाबता वाफ दिली.

एका ठिकाणी मात्र माझ्याच हातून चूक झाली होती. देठाजवळ कोशाचा एक आडवा धागा कापला गेला होता. उजेडाकडे धरल्यावर दिसला. त्यावर इलाज रफूचा, नजीबाबादच्या रफूगरांचा जो हातखंडा. दुपट्ट्याच्या दशांमधून एक धागा काढला, त्याच रंगाचा, त्याच जाडीचा. बारीक सुईत ओवून तुटलेल्या टोकाच्या दोन सेंटिमीटर अलीकडून सुरुवात केली आणि जुन्या धाग्याच्या शेजारून, एक वर एक खाली, पलीकडे दोन सेंटिमीटरपर्यंत विणत गेले. टोकं मागे मोकळी सोडली. गाठ मारली असती तर ती पुढून उंचवट्यासारखी दिसली असती.

भाचीने पान भरायला पाऊण तास घेतला असावा, मला काढायला दोन सकाळी लागल्या. एक दिवस कापड सपाट विसावू दिलं. मग नवं पान आखताना कड जुन्या भोकांच्या एक धागा बाहेर घेतली आणि टाके वेलीच्या दिशेने कलवले.