पॅरॅलॅक्स पार्श्वभूमीचे थर : प्रॉम्प्टविषयीचे काही गैरसमज

बाजूने सरकणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये दूरचे डोंगर सावकाश आणि जवळची झाडे वेगाने सरकवून खोलीचा भास निर्माण करण्याच्या तंत्राला पॅरॅलॅक्स म्हणतात, आणि १९८२ च्या ‘मून पट्रोल’ने ते ठळकपणे वापरले होते. चित्रे तयार करणाऱ्या एआय साधनाला ‘पाच थरांची पॅरॅलॅक्स पार्श्वभूमी’ असा प्रॉम्प्ट, म्हणजे लेखी वर्णन, दिला की पाच थर मिळतात, असा समज आढळतो. प्रत्यक्षात बहुतेक साधने एकच सपाट चित्र देतात, ज्यात झाडांमागचा डोंगर काढलेलाच नसतो, आणि म्हणून झाडे कापून सरकवली की मागे रिकामी जागा उघडी पडते. यास्तव प्रत्येक थराला स्वतंत्र प्रॉम्प्ट लागतो.

‘पारदर्शक पार्श्वभूमी’ असे लिहिल्याने पारदर्शकता मिळतेच असे नाही. काही साधने ती खरोखर देतात, परंतु अनेक साधने राखाडी-पांढऱ्या चौकड्याच चित्रात रंगवतात. अशा वेळी चित्रात अन्यत्र नसलेला एकसलग रंग मागून तो नंतर काढून टाकणे अधिक भरवशाचे ठरते. हिरव्या झाडांसाठी किरमिजी रंग सोयीचा असतो, मात्र पानांच्या कडांना उरणारी त्याची झाक वेगळी साफ करावी लागते.

```
row of monsoon trees and shrubs, flat side view, eye level,
no sky, no cast shadow, solid #FF00FF background
```

सर्वांत हट्टी गैरसमज क्षितिजाचा आहे. प्रॉम्प्टमध्ये टक्केवारी लिहिली किंवा सीड, म्हणजे चित्राच्या प्रारंभीच्या यादृच्छिक नक्षीचा क्रमांक, तोच ठेवला, तरी शब्द बदलताच रचना बदलते. पावसाळी सह्याद्रीचे १९२० × १०८० पिक्सेलचे दृश्य घेतल्यास आधी एक संपूर्ण आधारचित्र करून त्यातील क्षितिज वरून ६४८ व्या पिक्सेलवर निश्चित करावे, तेच चित्र प्रत्येक थरासाठी संदर्भ म्हणून द्यावे आणि मिळालेले थर शेवटी हाताने त्या रेषेशी जुळवावेत. येथे प्रत्येक थराचा पाया ६४८ वर येत नाही, हे ध्यानात घ्यावे लागते : दूरच्या डोंगररांगेचा पाया त्या रेषेवर असतो, तर जवळच्या झाडांचे बुंधे तिच्या बऱ्याच खाली असतात आणि शेंडे तिच्या वर जाऊ शकतात. समान राहायला हवी ती पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची; एका थरात जमीन वरून दिसली आणि दुसऱ्यात समोरून, तर रेषा जुळूनही दृश्य तुटलेले वाटते.

रंगांचे सांकेतिक क्रमांकही प्रॉम्प्टमध्ये केवळ सूचनेसारखे वाचले जातात, त्यामुळे नेमकी रंगसंगती चित्र तयार झाल्यावर आधारचित्रातील रंगांवर बसवावी लागते. ती बसवताना सर्व थरांना सरसकट तेच रंग दिल्यास दूरच्या डोंगरातही गडद हिरवा उतरतो आणि खोली नाहीशी होते. म्हणून एकाच संगतीतील फिकट, निळसर छटा मागच्या थरांना आणि गडद छटा पुढच्या थरांना वाटून द्याव्या लागतात. ही वाटणी साधली की नाही, हे सर्व थर एकत्र ठेवून चित्र कृष्णधवल केले की लगेच कळते, कारण झाडे आणि डोंगर तेव्हा सारख्याच करड्या छटेत दिसले, तर दोष छटांच्या वाटणीत असतो.