कोणाच्या मानाने उंच?

कळसूबाईची उंची 1646 मीटर आणि साल्हेरची 1567. तेव्हा कळसूबाई साल्हेरपेक्षा उंच आहे, हे विधान कोणीही, कुठेही उभं राहून केलं तरी खरंच असतं. आता त्यातून साल्हेर काढून टाका. उरतं ते एवढंच: 'कळसूबाई उंच आहे.' पायथ्याच्या बारी गावातल्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. लेहमधला माणूस मात्र हसेल, कारण त्याचं शहरच साधारण 3500 मीटरवर वसलेलं आहे. तो भाजी घ्यायला बाजारात जातो तोच कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंचीवर. डोंगर तोच, मीटर तेवढेच, विशेषणही तेच. तरी एक वाक्य पक्कं आणि दुसरं डळमळीत.

असं का होतं, हा अर्थविज्ञानातला एक जुना प्रश्न आहे. इंग्रजीत तुलना करताना विशेषणाचं रूपच बदलतं, 'टॉल'चं 'टॉलर' होतं. मराठीत 'उंच' दोन्हीकडे उंचच राहतं आणि सगळं काम 'पेक्षा' करतो. त्यामुळे आत काय चाललंय ते मराठीत जास्त स्वच्छ दिसतं. 'उंच' हे विशेषण आपल्याला एका मोजपट्टीकडे नेतं आणि वस्तूला त्या पट्टीवर जागा देतं. पण नुसत्या जागेने विधान पुरं होत नाही, ती जागा कशाच्या वर आहे हेही सांगावं लागतं. 'साल्हेरपेक्षा' म्हटलं की दुसरी खूण उघडपणे मिळते. ती दिली नाही, तर ऐकणारा संदर्भातून एक खूण स्वतःच लावून घेतो, आणि बारीचा माणूस जिथे लावतो तिथे लेहचा लावत नाही.

म्हणूनच तुलनेवरून नुसत्या विशेषणाकडे उडी मारता येत नाही. राजू बंड्यापेक्षा उंच आहे यावरून राजू उंच ठरत नाही. दोघेही बुटके असू शकतात.

ही न बोललेली खूण उघड करायची असली की आपण 'मानाने' वापरतो. 'वयाच्या मानाने उंच आहे हो पोरगी.' यावरून वाटेल की खूण म्हणजे त्या गटाची सरासरी. पण तेवढ्याने भागत नाही. समजा, एका वर्गातल्या मुलींची सरासरी उंची 138 सेंटिमीटर आहे आणि एका मुलीची 138.5. ती सरासरीच्या वर आहे, पण तिला वर्गातली उंच मुलगी कोणी म्हणणार नाही. शिकागो विद्यापीठात काम केलेले अर्थवैज्ञानिक ख्रिस्तोफर केनेडी यांनी 2007 सालच्या एका लेखात याचं उत्तर असं दिलं: उंच म्हणवून घ्यायला त्या घोळक्यात उठून दिसावं लागतं. आता किती उंचीपासून माणूस उठून दिसतो? नेमकी रेघ कोणालाच ओढता येत नाही. 'उंच' या शब्दातली संदिग्धता इथून येते.

सगळीच विशेषणं अशी परिस्थितीवर लटकलेली असती, तर गोष्ट इथेच संपली असती. पण 'वाकडा' घ्या. ही काठी त्या काठीपेक्षा वाकडी आहे, असं म्हटलं की ती वाकडी आहे हे आपोआप आलंच. 'उंच'च्या बाबतीत जी उडी मारता येत नव्हती, ती इथे बिनदिक्कत मारता येते. उलट 'हा डबा त्या डब्यापेक्षा जास्त भरलेला आहे' यातून कळतं ते दुसऱ्या डब्याबद्दल: तो पूर्ण भरलेला नाही.

केनेडी आणि लुईझ मॅकनॅली यांनी 2005 मध्ये या फरकाचं मूळ मोजपट्टीच्या घडणीत दाखवलं. उंचीच्या पट्टीला वरचं टोक नसतं, कितीही उंच वस्तूहून उंच वस्तू कल्पिता येते. वाकडेपणाच्या पट्टीला खालचं टोक आहे, ते म्हणजे सरळपणा. त्यावरून जराशी ढळली तरी काठी वाकडी झाली. भरलेपणाला वरचंही टोक आहे: डबा काठोकाठ भरला की त्यापुढे जागाच नाही. जिथे पट्टीला असं टोक असतं, तिथे भाषा बहुधा त्या टोकालाच खूण मानते. टोक नसेल तेव्हाच ती इकडेतिकडे, गटाकडे, प्रसंगाकडे बघत खूण शोधते.

टोक आहे की नाही हे आपल्या कानाला चांगलं कळतं. कपडे कोरडेठाक होतात, दार सताड उघडं असतं, डबा पूर्ण भरतो. पण 'हा माणूस पूर्ण उंच आहे' असं कोणी म्हणत नाही. तिथे आपण 'उंचच उंच' म्हणतो, म्हणजे टोक गाठल्याचं न सांगता नुसतं वर वर जात राहतो.

हा फरक लहान मुलांनाही असतो का, हे क्रिस्टन सिरेट, केनेडी आणि जेफ्री लिड्झ यांनी तपासलं. त्यांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसमोर दोन दोन वस्तू ठेवायच्या आणि त्यांतली एक मागायची. मागणी ठीक नसेल तर मुलांनी तसं सांगायचं. दोन दांड्यांतली 'लांब' मागितली की मुलं जास्त लांब असलेली काढून देत. दोन चकत्यांवर कमीजास्त ठिपके असताना 'ठिपक्यांची' मागितली, तर मात्र त्यांची हरकत असे, कारण ठिपके दोन्हींवर होते. नुसती जास्त ठिपक्यांची उचलून देणं त्यांना मान्य नव्हतं. म्हणजे कुठे खूण सरकवायची आणि कुठे नाही, ही समज शाळेआधीच आलेली असते.

गंमत झाली ती 'भरलेल्या' बरणीपाशी. दोन्ही बरण्या अर्ध्यामुर्ध्या असताना मोठी माणसं ही मागणी नाकारत. मुलं मात्र पुष्कळदा जास्त भरलेली बरणी देऊन टाकत. मग त्यांच्या लेखी 'भरलेला' हा शब्द 'लांब'सारखाच सरकता असतो का? संशोधकांचं म्हणणं पडलं, नाही. मुलं इथे फक्त जास्त सूट देतात. सूट आपणही देतो. नाट्यगृहात चार खुर्च्या रिकाम्या असल्या तरी 'हॉल भरलाय' म्हणतो. पण कोणी अडवलंच, तर 'तसं म्हटलं तर चार जागा आहेत' हे कबूल करावं लागतं, कारण खरी खूण कुठे आहे ते दोघांनाही ठाऊक असतं. 'उंच'बद्दल वाद झाला तर असं परत जायला ठिकाणच नसतं. तिथे 'कोणाच्या मानाने?' एवढंच विचारता येतं.

जिथे चूक परवडत नाही, तिथे हा भेद बरोबर पाळलेला दिसतो. महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुष उमेदवारांसाठी किमान 165 सेंटिमीटर अशी अट असते. 'उंच उमेदवार हवेत' एवढ्यावर भरती चालणार नाही, रोज मैदानावर भांडणं होतील. औषधाच्या खोक्यावरही बघा. 'थंड' म्हणजे किती हे नागपूरच्या मे महिन्यात एक आणि महाबळेश्वरात दुसरं, म्हणून तिथे 30 अंश सेल्सिअसच्या खाली असा आकडा छापावा लागतो. त्याच ओळीत 'कोरड्या जागी ठेवा' असंही असतं, आणि त्यापुढे बहुधा आकडा नसतो. ओल नको म्हणजे नको, हे त्या शब्दातच आलेलं आहे.