आंबेनळीचं डावं वळण

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना दुचाकीस्वाराने डाव्या वळणाला जास्त जपावं. तिथे आपली बाजू आतली, म्हणजे वळण अधिक आवळलेलं. बहुतेक जण घाईने लगेच आतल्या कडेला चिकटतात. मग वळण संपण्याआधीच गाडी बाहेर फेकली जाते, थेट समोरून चढणाऱ्या एसटीपुढे. लांब बसला वळायला जागा लागते, त्यामुळे तीही मधल्या रेषेजवळ आलेली असते.

म्हणून गाडी सरळ असतानाच दोन्ही ब्रेक लावून वेग उतरवा, दुसरा गिअर टाका, हॉर्न द्या. मग आपल्याच लेनमध्ये, मधल्या रेषेपासून हातभर आत राहून वळणात शिरा. पुढचा रस्ता दिसू लागल्यावरच आतल्या कडेकडे झुका. झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबला, तर वाळूवर चाक निसटतं.

उजव्या वळणावर मोह उलटा असतो, समोरच्याची लेन कापण्याचा. तिथे चाकं मधल्या रेषेवर असली, तरी झुकलेलं डोकं पलीकडच्या लेनमध्ये असतं. तेव्हा डावीकडेच राहा, आणि चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या.