लहान केलेल्या फोटोला धार किती?

कॅमेऱ्यातला ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो वेबसाइटसाठी १२०० पिक्सेलचा केला, की साधारण पंचवीस पिक्सेलांची सरासरी एका पिक्सेलमध्ये उतरते. किल्ल्याच्या तटबंदीचा फोटो असेल, तर दगडांच्या सांध्यांतल्या बारीक रेषा मऊ पडतात. ही धार परत आणायला ‘अनशार्प मास्क’ वापरतात, आणि तो आकार बदलल्यानंतरच वापरावा.

सॉफ्टवेअर फोटोची एक धूसर प्रत बनवते, मूळ फोटोतून ती वजा करते आणि उरलेला फरक मूळ फोटोत मिसळते. त्यामुळे कडेची उजळ बाजू आणखी उजळते, गडद बाजू आणखी गडद होते.

ही प्रत किती धूसर करायची, ते रेडियस ठरवतो. छोट्या फोटोतले तपशील एक-दोन पिक्सेलचेच असतात, म्हणून ०.३ ते ०.५ पुरतो. तो २ केला, तर तट आणि आकाश यांच्या सीमेवर पांढरी किनार उमटते. माझ्या मते सर्वाधिक फोटो इथेच बिघडतात.

मिसळण्याचे प्रमाण म्हणजे अमाउंट. रेडियस ०.४ असताना १०० टक्क्यांपासून सुरुवात करून दगड करकरीत, वाळूसारखे दिसू लागले की थोडे मागे यावे. हे १०० टक्के झूमवरच पाहावे.

निरभ्र आकाशात दाणे उठले, तर थ्रेशोल्ड शून्यावरून २-३ वर न्यावा. त्याहून कमी फरक मग जसाच्या तसा राहतो. फार वाढवला, तर दगडांचा पोतही गुळगुळीत राहतो.