रुजू झाला, पण नोंद होईना

मूल्यमापनाचं चक्र कसं लावायचं, हे या आठवड्यात यायचं होतं. ते पुढं ढकललं आहे, कारण लोह्याच्या एका वाचकाचा प्रश्न त्याआधी सुटायला हवा. हे वाचक नांदेड-लातूर रस्त्यालगतच्या एका डाळ मिलचं कार्यालय सांभाळतात. दुसरी पाळी सुरू करायची म्हणून मिलनं नवी माणसं घेतली. मुलाखती झाल्या, ऑफर गेल्या, त्या स्वीकारल्याही गेल्या. माणसं सोमवारी कामाला लागली. आठवडा उलटला तरी ईआरपीत त्यांच्या नावाची नोंद होईना. दर वेळी पडद्यावर एकच वाक्य येई:

`All the mandatory tasks for employee creation are not completed yet.`

मिलमध्ये मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट आहे. त्यातला मनुष्यबळाचा भाग 2022 पासून, म्हणजे चौदाव्या आवृत्तीपासून, वेगळा करून ‘फ्रॅपे एचआर’ या नावानं मिळतो. या लेखमालेतली उदाहरणं त्यावरच बेतलेली असल्यामुळे हा प्रश्न आयताच हाती आला.

ऑफर स्वीकारली की उमेदवार कर्मचारी होतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. या प्रणालीत तसं होत नाही. मध्ये `Employee Onboarding` नावाचा टप्पा आहे. त्यात रुजू होण्याची तारीख, पद, विभाग आणि सुट्ट्यांची यादी भरायची आणि खाली कामं लिहायची: कागदपत्रं तपासणं, वैद्यकीय तपासणी, गणवेश देणं, यंत्राची ओळख करून देणं. हा फॉर्म सादर केला की प्रणाली त्या माणसासाठी एक छोटा प्रकल्प उघडते आणि प्रत्येक काम ज्याच्या त्याच्या नावावर टाकते. प्रत्येक कामापुढे `Required for Employee Creation` असा एक चौकोन असतो. त्यात खूण केली की ते काम संपेपर्यंत कर्मचाऱ्याची नोंद अडते. अडवणारं काम नेमकं कोणतं, हे मात्र तो संदेश सांगत नाही. त्यासाठी प्रकल्प उघडून कामांची यादी डोळ्यांखालून घालावी लागते.

मिलच्या यादीत सहा कामं होती आणि सगळ्यांपुढे खूण होती. या यादीचा साचा बनवणाऱ्यानं ‘सगळंच महत्त्वाचं’ म्हणून सरसकट टिचक्या मारल्या होत्या. त्यात पाचवं काम होतं ‘हजेरी यंत्रात बोटाचा ठसा घेणे’. गाडी अडली ती इथं. मिलच्या रिवाजाप्रमाणे यंत्रात ठसा कर्मचारी क्रमांकावर नोंदवला जातो. क्रमांक मिळतो नोंद झाल्यावर. नोंद होते ठसा झाल्यावर. आधी लगीन कोंडाण्याचं की रायबाचं, हे ठरवणारा तिथं कुणीच नव्हता.

दरम्यान सुपरवायझरनं शक्कल लढवली आणि यंत्रावर तात्पुरते क्रमांक देऊन ठसे घेतले. यंत्र रोज बीप करत राहिलं, माणसं निश्चिंत झाली. पण यंत्राकडून आलेला क्रमांक कुठल्याच कर्मचाऱ्याच्या नोंदीशी जुळला नाही, तर ईआरपी ती हजेरी घेत नाही, चूक म्हणून परत पाठवते. म्हणजे यंत्रात हजेरी होती आणि पगारपत्रकासाठी माणूसच नव्हता. असा प्रकार महिनाअखेरीआधी ओळखायचा असेल, तर यंत्र आणि ईआरपी जोडणाऱ्या दुव्याची चुकांची नोंद आठवड्यातून एकदा उघडून पाहावी. तेच तेच क्रमांक पुन्हा पुन्हा दिसले, की समजावं कुणाची तरी नोंद अडली आहे.

खूण कुठं करायची, याची कसोटी साधी आहे. या कामाला कर्मचारी क्रमांक लागतो का? लागत असेल तर खूण नको. ठसा, ओळखपत्र, पगारात नाव घेणं ही सगळी नोंदीनंतरची कामं. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन हाही रुजू झाल्यावरचाच विषय, आणि पोर्टल किंवा आधारच्या अडचणीनं तो कधीही लांबतो. त्यावर नोंद अडवून ठेवली तर माणूस कामावर हजर आणि कागदावर बेपत्ता. खूण शोभते ती दोन-तीन कामांनाच. मिलसाठी त्यात ओळखीची कागदपत्रं आली आणि वैद्यकीय तपासणी आली. डाळ हा अन्नपदार्थ आहे आणि अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. हे काम मागाहून करू म्हटलं की राहतंच.

साचा सुधारला तरी तो पुढच्या माणसांनाच लागू होतो. आधीच अडकलेल्यांचं काय? इथं प्रणालीतली एक कमी माहितीची गोष्ट कामी येते. नोंद करताना ती प्रत्येक आवश्यक कामाची स्थिती तपासते आणि ‘पूर्ण’ असेल तरच नव्हे, ‘रद्द’ असेल तरीही पुढं जाऊ देते. तेव्हा ठशाचं काम रद्द करायचं, नोंद करून घ्यायची, मिळालेल्या क्रमांकावर ठसा घ्यायचा आणि त्यासाठी त्याच प्रकल्पात नवं काम टाकायचं. मिलची माणसं अशीच सुटली.

पण ही वाट दुधारी आहे. घाईत असलेला माणूस वैद्यकीय तपासणीही ‘रद्द’ करून टाकतो आणि फाटक तितक्याच सहज उघडतं. दुसरी चोरवाट याहून सोपी: उमेदवाराचा दुवा न जोडता कर्मचाऱ्याचा कोरा फॉर्म उघडायचा. मग प्रणालीला तपासायला काही उरतच नाही. म्हणून महिन्यातून एकदा दोन याद्या काढाव्यात. एक, रुजू प्रकल्पांतल्या रद्द कामांची. दुसरी, उमेदवाराशी न जोडलेल्या नव्या कर्मचाऱ्यांची. पहिल्या यादीत वैद्यकीय तपासणी दिसली, तर ती रद्द करणाऱ्याला बोलावून विचारायचं.

याच वाचकानं जाता जाता आणखी एक विचारलं होतं: कामांच्या तारखा आपोआप सरकतात कशा? प्रत्येक काम सुरुवातीपासून कितव्या दिवशी, ते साच्यात लिहिलेलं असतं. तो दिवस सुट्टीचा निघाला तर प्रणाली काम पुढच्या कामाच्या दिवसावर ढकलते. समजा सुरुवात सोमवारी, 15 सप्टेंबर 2025 ला, आणि कागदपत्रांचं काम दोन दिवसांनी. म्हणजे बुधवारी 17 तारीख, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सुट्ट्यांच्या यादीत तो असेल तर काम गुरुवारी जातं. कुणी पुण्या-मुंबईच्या कार्यालयाची यादी जशीच्या तशी जोडली असेल तर काम बुधवारीच राहतं आणि सकाळी मिलच्या फाटकाला कुलूप. माळेगावच्या यात्रेत मिल बंद ठेवत असाल तर तेही दिवस यादीत हवेत. लोह्यासाठी वेगळी यादी करायला पाच मिनिटं लागतात.

मूल्यमापनाचा धागाही रुजू होण्याच्या याच टप्प्यातून निघतो. रुजू फॉर्मवरचं पद जसंच्या तसं कर्मचाऱ्याच्या नोंदीत उतरतं आणि मूल्यमापनाचा साचा पदाला बांधलेला असतो. मिलमध्ये काही जण ‘ऑपरेटर’ आहेत आणि काही ‘मशीन ऑपरेटर’, काम मात्र एकच. साचा एकाच पदाला जोडला आहे. चक्र सुरू करताना दुसऱ्या पदाची माणसं साच्याविना निघणार. पुढच्या आठवड्याआधी आपल्याकडची पदांची यादी काढून अशी जुळी नावं हुडकून ठेवावीत. चक्राची मांडणी तिथूनच सुरू होईल.