रुपया हातात न येता लागणारा कर

३० जून २०२२ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एक छोटी अधिसूचना काढली. गिफ्ट कार्ड, विमानप्रवासातून जमा होणारे पॉइंट, दुकानाच्या लॉयल्टी कार्डावरचे पॉइंट, संकेतस्थळांची वर्गणी या गोष्टी ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ समजल्या जाणार नाहीत, असे तिच्यात म्हटले होते. वाचताना नवल वाटते. बिटकॉइनवरच्या करासाठी केलेल्या कायद्यात दुकानाचे पॉइंट कुठून आले?

आले ते व्याख्येतून. प्राप्तिकर कायद्यात कलम २(४७अ) नव्याने घातले गेले तेव्हा व्याख्या फार रुंद झाली. कोणतीही माहिती, कोड, आकडा किंवा टोकन, मग ते कूटलेखनाने तयार झालेले असो वा अन्य मार्गाने, नाव काहीही असो. त्यातून मूल्य व्यक्त होत असेल आणि ते इलेक्ट्रॉनिक मार्गाने साठवता, हस्तांतरित करता किंवा विकता येत असेल, तर ते या व्याख्येत बसते. एनएफटी, म्हणजे एकमेवाद्वितीय टोकनेही त्यातच. इतक्या मोठ्या जाळ्यात पॉइंट आणि व्हाउचरही अडकणार हे उघड होते, म्हणून ती नावे घेऊन बाहेर काढावी लागली. भारतीय किंवा परकीय चलन मात्र व्याख्येतच वगळलेले आहे. त्यामुळे रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया मोबाइलमध्ये राहत असला तरी तो रुपयाच ठरतो, या गटात येत नाही.

ही व्याख्या मला विलक्षण वाटते ती एका कारणाने. बिटकॉइन म्हणजे काय, यावर जगभर वाद चालू असताना भारताच्या कर कायद्याने तो वाद सोडवला नाही. चलन नाही, एवढे सांगितले, एक स्वतंत्र कप्पा केला आणि त्या कप्प्याला स्वतःचे नियम लावले. नफ्यावर कर किती लागेल हे नफा किती झाला यापेक्षा ती वस्तू कोणत्या कप्प्यात पडते यावर ठरते. कररचनेतली ही जुनी गोष्ट आहे, पण क्रिप्टोच्या बाबतीत ती जितकी ठळक दिसते तितकी क्वचितच दिसते.

इतर देशांकडे पाहिले की हे लगेच कळते. अमेरिकेच्या कर खात्याने २०१४ मध्येच सांगून टाकले की त्यांच्यासाठी ही ‘मालमत्ता’ आहे. एकदा मालमत्ता म्हटले की भांडवली नफ्याचे सगळे नियम आपोआप लागू होतात. एक वर्षाहून जास्त धरून ठेवली तर दर कमी, तोटा झाला तर तो दुसऱ्या नफ्यातून वजा. जर्मनीत खासगी व्यक्तीने नाणे एक वर्षाहून जास्त सांभाळून विकले, तर नफ्यावर प्राप्तिकरच लागत नाही. नाणे तेच, नफाही तोच.

भारतातही २०२२ पूर्वी असा वेगळा कप्पा नव्हता. मग त्याआधी झालेल्या नफ्याचे काय? जोधपूरच्या प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणापुढे असे एक प्रकरण आले. करदात्याने २०१५-१६ मध्ये बिटकॉइन घेतले आणि २०२०-२१ मध्ये विकले होते. कर अधिकाऱ्यांचे म्हणणे होते की हे मालमत्तेतच मोडत नाही, म्हणून नफा ‘इतर उत्पन्ना’त धरा. न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये ते मान्य केले नाही. जुन्या कायद्यातली मालमत्तेची व्याख्या ‘कोणत्याही प्रकारची मालमत्ता’ इतकी व्यापक आहे, त्यामुळे हा दीर्घकालीन भांडवली नफाच, असा निर्णय दिला. म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ धरून ठेवल्याचा फायदा त्या माणसाला मिळाला.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या विक्रीला तो फायदा नाही. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी ज्या तरतुदी मांडल्या, त्यांतले मुख्य कलम ११५बीबीएच. कर सरसकट ३० टक्के. नाणे एक दिवस ठेवा की दहा वर्षे, दर तोच. त्यावर ४ टक्के उपकर, आणि उत्पन्न फार मोठे असेल तर अधिभार. एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असले तरी या नफ्याला त्या मर्यादेचा आधार मिळत नाही. वजावट एकच, खरेदीची किंमत. खरेदी-विक्रीच्या मंचाचे शुल्क, इंटरनेट, सल्लागाराची फी यांपैकी काहीही वजा होत नाही. जो स्वतः संगणक लावून नाणी ‘खणतो’, त्याच्या यंत्रांचा खर्च खरेदीची किंमत मानला जाणार नाही, असे सरकारने संसदेत स्पष्ट केले होते.

पण या कायद्याचा खरा स्वभाव दरात दिसत नाही. तो दिसतो ‘हस्तांतर’ आणि ‘तोटा’ या दोन ठिकाणी. त्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू.

समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुणीने २,००,००० रुपयांचे बिटकॉइन घेतले. भाव चढला आणि त्याच आर्थिक वर्षात त्यांची किंमत ५,००,००० झाली. तिने ते विकून पैसे खात्यात घेतले नाहीत. मंचावर बसल्या बसल्या सगळे बिटकॉइन देऊन ५,००,००० रुपये किमतीचे इथर घेतले. तिच्या दृष्टीने गुंतवणूक अजून गुंतलेलीच आहे. पण कायद्यात अदलाबदल हेही हस्तांतरच आहे, आणि नाणे भांडवली मालमत्ता असो वा नसो, हस्तांतराची ती व्याख्या त्याला लागू होते. त्यामुळे त्या क्षणी तिने बिटकॉइन पाच लाखांना विकले असे धरले जाते. नफा ३,००,०००. तीस टक्क्यांनी कर ९०,००० आणि त्यावर उपकर ३,६००. एकूण ९३,६००, आणि खात्यात मात्र एक रुपयाही आलेला नाही.

मग बाजार कोसळतो. फेब्रुवारीत तिच्या इथरची किंमत २,००,००० वर येते आणि ती घाबरून विकून टाकते. इथर तिला पाच लाखांना पडले होते, म्हणून इथे ३,००,००० चा तोटा. टीडीएस आणि मंचाचे शुल्क हिशेब सोपा राहावा म्हणून मी बाजूला ठेवले आहे. वर्षाचे चित्र असे: दोन लाख घातले, दोन लाख परत आले, कमाई शून्य.

शेअर असते तर कायद्यानेही हेच म्हटले असते. तीन लाखांचा अल्पकालीन नफा, तीन लाखांचा अल्पकालीन तोटा, एकमेकांतून वजा, कर शून्य. पण आभासी मालमत्तेतला तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षी नेताही येत नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनसुद्धा वजा होत नाही. म्हणून या तरुणीचा तीन लाखांचा नफा कायद्याच्या वहीत उभा राहतो आणि तीन लाखांचा तोटा तिथे नोंदून काहीच उपयोग होत नाही. दोन लाखांतून ९३,६०० भरायचे. ज्या वर्षी काहीच कमावले नाही, त्या वर्षी जवळजवळ निम्मी रक्कम करात जाते.

हा कर नफ्यावरचा कर राहत नाही, असे माझे मत आहे. तो प्रत्येक यशस्वी सौद्यावरचा कर होतो आणि अपयशी सौदे माणसाने एकट्याने सोसायचे असतात. हा मसुदा चुकून असा झालेला नाही. सट्ट्याला आवर घालावा, असे सरकारला वाटणे समजण्यासारखे आहे. मात्र सट्टेबाजापेक्षा त्याचा जास्त फटका बसतो तो अशा माणसाला, ज्याला अदलाबदल म्हणजे विक्री हे माहीतच नसते.

आता बाजूला ठेवलेला टीडीएस. १ जुलै २०२२ पासून कलम १९४एस लागू झाले. मंचावरच्या सौद्यात विकणाऱ्याच्या एकूण रकमेतून १ टक्का कापला जातो, नफा झाला असो वा तोटा. वरच्या उदाहरणात अदलाबदलीच्या वेळीच पाच लाखांवरचे ५,००० कापले गेले असते, आणि ती रक्कम रुपयांत भरायची असल्याने कापलेले नाणे विकून मंच ती भरतो. नाण्याच्या बदल्यात नाणे असेल तर घेणाराही एका अर्थी विकणाराच, म्हणून कपात दोन्ही बाजूंना होते.

एक टक्का किरकोळ वाटतो, पण रोज सौदे करणाऱ्याच्या नजरेतून पाहा. भाव अजिबात हलला नाही असे धरले, तरी प्रत्येक विक्रीला उरते ९९ टक्के. सुमारे ६९ विक्रींनंतर मूळ भांडवल निम्म्यावर येते, शंभरनंतर साधारण ३७ टक्के उरते. हा पैसा बुडत नाही. फॉर्म २६एएस मध्ये तो दिसतो, अंतिम करातून वजा होतो आणि जास्त असेल तर परतही मिळतो. पण विवरणपत्राचा निकाल लागेपर्यंत तो सौद्यात फिरवता येत नाही. या कपातीचा खरा उपयोग महसुलापेक्षा मागोवा हा आहे. प्रत्येक सौदा पॅनच्या नावाने सरकारच्या नोंदीत उमटतो.

स्वतःच्या एका वॉलेटमधून स्वतःच्याच दुसऱ्या वॉलेटमध्ये नाणे हलवले तर मालक बदलत नाही, म्हणून हस्तांतर नाही आणि कर नाही. नातेवाइकाव्यतिरिक्त कोणी वर्षभरात ५०,००० रुपयांहून जास्त किमतीची नाणी भेट दिली, तर घेणाऱ्याला कर लागतो. आणि कर भरला म्हणून क्रिप्टोला सरकारी मान्यता मिळाली, असे मात्र समजू नये. कर आकारणे आणि मान्यता देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायालये वेगळ्या वाटेने चालली आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टो ही मालकी ठेवता येण्याजोगी मालमत्ता आहे, असे म्हटले. तरीही प्राप्तिकराचा कप्पा वेगळा तो वेगळाच राहिला. १ एप्रिल २०२६ पासूनच्या प्राप्तिकर कायदा, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले, पण ही चौकट कायम आहे.

विवरणपत्रात यासाठी स्वतंत्र ‘व्हीडीए’ परिशिष्ट असते. त्यात प्रत्येक सौद्याची खरेदीची तारीख, हस्तांतराची तारीख, खरेदीची किंमत आणि मिळालेला मोबदला लिहावा लागतो. तुम्ही नाण्याच्या बदल्यात नाणे घेत असाल, तर त्या दिवशीचा रुपयातला भाव त्याच दिवशी टिपून ठेवा. मंच बंद पडला किंवा जुनी नोंद हरवली, तर खरेदीची किंमत सिद्ध करण्याची जबाबदारी तुमचीच राहते. ती सिद्ध झाली नाही, तर मिळालेली सगळी रक्कम नफा धरली जाण्याचा धोका असतो.