तेरीज जुळली, पण रक्कम कोणाच्या नावावर?

मार्चअखेर उरकली की एखादी पतसंस्था जुने सॉफ्टवेअर बदलायला घेते. शनिवारी संध्याकाळी काउंटर बंद होतो, रविवारी सगळा डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढतो आणि सोमवारी सकाळी कोणीतरी तेरीज काढून म्हणतो, "जुळली." हिशेब तपासताना मला याच शब्दाची धास्ती वाटते. तेरीज जुळली म्हणजे नावे आणि जमा या दोन बाजूंची बेरीज सारखी आली, एवढेच. एखादी नोंद दोन्ही बाजूंनी गळाली असेल, तरी तेरीज जुळतेच.

म्हणून डेटा हलवण्याआधीच काही आकडे कागदावर उतरवून ठेवायचे असतात. एकूण खाती किती आणि सगळ्या शिलकांची बेरीज किती, हे झाले कंट्रोल टोटल. या बेरजेला अर्थ आहे, कारण तेवढे पैसे संस्थेला खातेदारांचे देणे आहेत. दुसरा आकडा हॅश टोटलचा, म्हणजे सगळ्या खाते क्रमांकांची बेरीज. तिला व्यवहारात काहीच अर्थ नाही. शाळेत गणिताचा ताळा करायचो तसा तिचा उपयोग फक्त पडताळणीपुरता.

समजा पाचच बचत खाती आहेत. क्रमांक 101 मध्ये 4,500 रुपये, 102 मध्ये 12,300, 103 मध्ये 7,250, 104 मध्ये 980 आणि 105 मध्ये 3,800. खाती 5, शिलकांची बेरीज 28,830 आणि क्रमांकांची बेरीज 515. आता नव्या सॉफ्टवेअरमध्ये 103 ऐवजी 130 पडले असे धरू. खाती पाचच आहेत, पैसेही 28,830 च आहेत. क्रमांकांची बेरीज मात्र 542 येते. फरक 27 चा, आणि त्याला 9 ने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटले की फरक नेहमी 9 च्या पटीत येतो. 9 च्या पटीतला प्रत्येक फरक उलटलेल्या अंकांचाच असेल असे नाही, पण शोध तिथून सुरू करावा.

याहून वाईट चूक म्हणजे दोन खात्यांच्या शिलकांची अदलाबदल. 101 चे 4,500 रुपये 105 ला गेले आणि 105 चे 3,800 रुपये 101 ला आले, तर वरचे तिन्ही आकडे तंतोतंत जुळतात आणि एका खातेदाराचे 700 रुपये मात्र दुसऱ्याच्या नावावर बसतात. ही चूक पकडायला प्रत्येक क्रमांकाला त्याच्याच शिलकेने गुणायचे आणि गुणाकारांची बेरीज घ्यायची. एक्सेलमध्ये ती एका ओळीत होते:

```
=SUMPRODUCT(A2:A6,B2:B6)
```

मूळ यादीवर उत्तर 29,56,770 येते, अदलाबदलीनंतर 29,59,570. फरक 2,800 चा, म्हणजे क्रमांकांतला फरक 4 गुणिले 700 रुपये. तीन बेरजांना न दिसलेली चूक इथे उघडी पडते.

एक्सेलचेही दोन खोडे आहेत. क्रमांक मजकूर म्हणून आले असतील तर हे सूत्र त्यांना शून्य धरते. आणि 15 पेक्षा जास्त अंकांचा क्रमांक आकडा म्हणून उघडला की पंधराव्या अंकापुढचे सगळे अंक शून्य होतात. लांबलचक क्रमांकांच्या खात्यांत तेव्हा शेवटचे पाच-सहा अंकच आकडा म्हणून वेगळ्या रकान्यात घेऊन बेरीज करावी.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मूळ आकडे कुठून घेतले यावरून. जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फाइलवरच बेरीज केली आणि ती फाइलच अर्धवट निघालेली असली, तर अर्धवट यादी अर्धवट यादीशी बिनचूक जुळते. म्हणून एंट्री बंद केल्यावर जुन्या सॉफ्टवेअरची स्वतःची बाकी यादी छापायची, तिच्यावरून आकडे घ्यायचे आणि डेटा हलवणारा माणूस सोडून दुसऱ्याने त्यावर सही करायची. नावे बाकी असलेल्या खात्यांची बेरीज वेगळी ठेवायची, कारण नावेची खूण गळून ती रक्कम जमेला गेली की एकूण बेरजेत फरक दुप्पट येतो. अशा वेळी फरकाचे निम्मे करून तेवढीच रक्कम यादीत शोधावी.

खातेदाराचे नाव, वारसाची नोंद, ठेवीची मुदत यांवर या बेरजा काहीच सांगत नाहीत. त्यासाठी मोजकी खाती निवडून जुना आणि नवा उतारा समोरासमोर वाचावाच लागतो.

गुणाकाराची बेरीज चुकली तर दोन्ही याद्या क्रमांकाने लावून मधोमध तोडायच्या आणि निम्म्या भागाची बेरीज ताडायची. जिथे फरक दिसेल तो भाग पुन्हा निम्मा करायचा. चूक एकाच खात्यात असेल, तर 4,000 खात्यांतून ते खाते 12 वेळा तोडण्यात हाती लागते.